बाह्यवळण की शहरमार्ग?

देहूहून पुण्याच्या दक्षिण भागात जाणाऱ्या व्यापारी कुटुंबासमोर देहूरोडजवळ एक निर्णय उभा राहतो. जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने निगडी, पिंपरी, दापोडी, शिवाजीनगर करीत शहरातून जावे, की रावेत, वाकड, चांदणी चौक, नवले पूल असा कात्रजकडे जाणारा बाह्यवळण मार्ग धरावा? सकाळी आणि सायंकाळी वाकडजवळ हिंजवडीच्या नोकरदारांची गर्दी असल्याने बहुतेकांचा कल शहराकडे असतो. दुपारी बारा ते तीन या वेळेत ती गर्दी ओसरते. दोन्ही मार्ग तुल्यबळ ठरतात आणि निवड खऱ्या अर्थाने अवघड होते.

देहूतील एखादा किराणा व्यापारी दुपारी बारा वाजता मोटारीने गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार बाजाराकडे निघाला, असे समजू. शहरातून अंतर ढोबळमानाने पस्तीस किलोमीटर, तर बाह्यवळणाने पंचेचाळीस. निगडी ते दापोडी या पट्ट्यात भुयारी मार्ग आणि उड्डाणपूल असल्याने मधल्या मार्गिकेतून गाडी बरी चालते. दापोडीपर्यंत पाऊण तास धरावा. खरा वेळ लागतो तो त्यापुढे, बोपोडी, खडकी, शिवाजीनगर आणि स्वारगेट या टप्प्यात. अंतर जेमतेम चौदा किलोमीटर, पण पन्नास मिनिटे सहज जातात. एकूण पंचाण्णव मिनिटे झाली.

आता दुसरा हिशेब पाहू. देहूरोडपर्यंत पंधरा मिनिटे, महामार्गावर पाऊण तास आणि महामार्ग सोडून कात्रज, बिबवेवाडीमार्गे यार्डापर्यंत अर्धा तास, म्हणजे नव्वद मिनिटे. दहा किलोमीटरचे जादा इंधन जाळून पदरात पडली ती पाच मिनिटे. बाह्यवळणाचा वेग डोळ्यांना दिसतो. शेवटच्या आठ-नऊ किलोमीटरचा संथपणा मात्र निघताना हिशेबात धरला जात नाही.

मग निवड कशावर करावी? सरासरी वेळेपेक्षा विलंबाचे स्वरूप पाहावे. शहरातील विलंब नित्याच्या व्याजासारखा असतो. प्रत्येक सिग्नलला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. दिवस वाईट असला तरी पंधरा-वीस मिनिटांनी उशीर होतो आणि एखादा चौक तुंबला तर पर्यायी रस्ता सापडतो. बाह्यवळणावरील विलंब बुडीत कर्जासारखा असतो. एरवी काहीच द्यावे लागत नाही. पण वारज्याच्या पुढे एखादा मालट्रक बंद पडला की तास जातो. लगतचे सेवा रस्ते अरुंद असल्याने तेही लगेच भरतात. चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला गेला आणि ऑगस्ट 2023 मध्ये नवी रचना खुली झाली. त्यामुळे तेथील कोंडी सैल झाली, नवले पुलाचा प्रश्न मात्र उरला. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेली अवजड वाहने लांब उतारावरून थेट तेथे येतात. काही चालक डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, ब्रेकवरचा ताण वाढतो आणि ते निकामी होतात. 20 नोव्हेंबर 2022 रोजी याच ठिकाणी एका अवजड वाहनाने ओळीने अनेक वाहनांना धडक दिली होती.

म्हणून ठरलेली वेळ गाठायची असेल, सौदा वा बँकेचे काम असेल, तर शहरमार्ग धरावा. तेथे किती उशीर होईल याचा अंदाज बांधता येतो. रविवार पेठेत जायचे असेल तर प्रश्नच नाही. कात्रजच्या आगम मंदिरात दर्शनाला जायचे असेल तर बाह्यवळणच योग्य, कारण शहरातील शेवटचा संथ टप्पा त्यात जवळजवळ येतच नाही. बाह्यवळण धरल्यावर वाकड हा पुनर्विचाराचा सोयीचा टप्पा समजावा. तेथे मोबाइलच्या नकाशावर वारजे ते नवले पूल हा भाग गडद लाल दिसला, तर औंधमार्गे शहरात शिरता येते. त्यापुढे माघार महाग पडते.

दोन दिवस मात्र निवड उरत नाही. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डी आणि पुढे पुण्याकडे जाते, तेव्हा जुन्या महामार्गावरील वाहतूक वळविली जाते. त्या दोन दिवसांत पुण्याचे काम पुढे ढकललेले बरे.

परतीचा विचार निघतानाच करावा. घरात चौविहार पाळणारे वडीलधारे असतील आणि ते सोबत असतील, तर हिवाळ्यात सहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त हीच खरी मुदत ठरते. दीड तासाचा रस्ता आणि घरी पोहोचल्यावर जेवणासाठी अर्धा तास धरला, तर यार्डातून चारलाच निघावे लागते. पाचनंतर वाकडला पुन्हा गर्दी दाटते आणि नवले पुलाजवळ उतारावरून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत शिरावे लागते. जाताना बाह्यवळण घेतले म्हणून येतानाही तेच घ्यावे, असे नाही. बाजारातील काम चारच्या पुढे लांबणार असेल, तर वडीलधाऱ्यांना घरीच ठेवून निघणे हिताचे.