पंचांग, कापूस आणि पातेली

दुकानदाराला वर्षात दोनदाच जाहिरातीची आठवण होते. एकदा दिवाळीला, आणि एकदा धंदा बसला म्हणजे. दिवाळीला सगळेच ओरडतात, म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही. आणि धंदा बसतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या खिशात पैसा नसतो. मग तो म्हणतो, ‘जाहिरातीने काही होत नाही हो!’ खरे म्हणजे जाहिरात वाईट नसते, तिची वेळ वाईट असते. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात फटाके आणि फराळ दुसऱ्यांवर सोपवून मी वर्षाचा तक्ता कसा आखावा याविषयी लिहिणार आहे. वाचकांपैकी ज्यांचे लहानसे दुकान आहे त्यांना तो कामी येईल. ज्यांचे नाही त्यांना निदान आपण वर्षभर कुणाच्या तक्त्यावर नाचतो एवढे तरी कळेल.

धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूला माझ्या ओळखीच्या एका अण्णांचे भांड्यांचे दुकान आहे. पितळ, तांबे, स्टील आणि लग्नाच्या रुखवताचे सामान. अण्णांची सून हिशेब बघते आणि व्हॉट्सॲपवर दुकानाची चित्रेही तीच टाकते. तिने दोन वर्षांच्या ऑक्टोबर महिन्यांची विक्री शेजारी शेजारी मांडली आणि सासऱ्यांना विचारले, ‘‘अण्णा, एवढा फरक कसा? धंदा वाढला म्हणायचा की घटला?’’

अण्णांनी वहीकडे पाहिलेही नाही. ‘‘अगं, त्या साली दिवाळी कधी होती ते आधी बघ.’’

सगळी मेख इथेच आहे. आपला सण तिथीने येतो आणि बिलाचे पुस्तक इंग्रजी तारखेने चालते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आणि साधारण तिसऱ्या वर्षी अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पलीकडे जातो. २०२५ चे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, तर २०२६ चे ८ नोव्हेंबरला. आता ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडून पाहिला तर वही खोटे बोलणारच. तेव्हा पहिले काम असे, की मागच्या तीन वर्षांची विक्री महिन्याने न मांडता सणापासून मागे मोजायची. लक्ष्मीपूजनाच्या आधीचा पहिला आठवडा, दुसरा, तिसरा. तसेच आखाजीच्या आधीचे आठवडे. असे मांडले की तिन्ही वर्षे एका ओळीत येतात आणि कुठल्या आठवड्यात खरोखर गिऱ्हाईक येते ते उघडे पडते.

या उदाहरणात आणखी एक गंमत आहे. २०२५ ची दिवाळी ते २०२६ ची दिवाळी हे अंतर ३८३ दिवसांचे. जाहिरातीसाठी म्हणून बाजूला ठेवलेल्या रकमेचे ज्याने बारा समान भाग केले, त्याची पिशवी ऐन दिवाळीच्या तोंडावर रिकामी होते. अधिक मासाच्या वर्षी तेरा भाग करावेत, आणि तेही समान नव्हेत.

पण सणाच्या दिवशी गिऱ्हाईक येते ते पैसा असला तर. म्हणून तक्त्यावर तिथीच्या ओळीखाली पैशाची दुसरी ओळ ओढावी लागते, आणि ही ओळ पंचांगाला विचारत नाही. ती पावसाला विचारते. खानदेशात कोरडवाहू कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येते. दिवाळी ऑक्टोबरातच आली तर खेड्यावरच्या माणसाच्या हाती त्या पहिल्या वेचणीचेच चार पैसे असतात, आणि त्यांवर मजुरीचा नि उधारीचा हक्क आधी असतो. तो धनत्रयोदशीला एक पळी किंवा एक तांब्या घेऊन जातो. तीच दिवाळी नोव्हेंबरात आली तर दुसरी वेचणीही झालेली असते, आणि मग तो पितळी घागरीचा भाव विचारतो. म्हणून सण लवकर आला तर लहान वस्तू पुढे मांडायच्या आणि मोठ्या वस्तूंची जाहिरात तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईवर टाकायची. उशिरा आला तर मोठी भांडीच दर्शनी ठेवायची. अर्थात कापसाला भाव नसला तर शेतकरी कापूस घरात भरून ठेवतो, आणि आपला तक्ताही त्या कापसाबरोबर घरातच पडून राहतो. ती खूण बाजार समितीच्या भावात आधी दिसते. दुकानात ती दोन आठवड्यांनी येते.

आखाजीचेही तसेच. बाहेरच्यांना अक्षय तृतीया म्हणजे सोन्याचा दिवस वाटतो. खानदेशात ती माहेरवाशिणीची आणि झोक्याची आखाजी. आणि शिवाय सालदाराचे साल त्या दिवशी संपते नि नवे सुरू होते. म्हणजे वर्षाचा हिशेब होऊन ज्याच्या हाती एकदम रक्कम येण्याचा संभव आहे, असे गिऱ्हाईक त्या दोन-चार दिवसांत बाजारात असते. त्याला वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात दिसत नाही. त्याच्यासाठी आठवडे बाजाराच्या दिवशी दुकानाबाहेर भाव लिहिलेली पाटी लावावी, हेच बरे.

आता एक महिना पूर्ण आखून पाहू. २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. अधिक मासात लग्ने होत नाहीत, म्हणून सराफ आणि कापडवाले त्याला मंदीचा महिना म्हणतात. पण तोच धोंड्याचा महिना! जावयाला बोलावून अनारसे किंवा बत्तासे, दिवा आणि भांडे वाण द्यायचे, अनारसे तेहतीस. सराफाची मंदी ती भांडेवाल्याची सुगी होऊ शकते. दुसऱ्याच्या धंद्याचा तक्ता उचलू नये तो याचसाठी.

१७ मे हा दिवस धरून आता मागे मोजायचे. तांब्याची पात्रे आणि दिवे मागवायला सहा आठवडे हवेत, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मालाची मागणी गेली पाहिजे. त्याच महिन्यात १९ एप्रिलला आखाजी आहे, आणि तिथून १६ मेपर्यंत लग्नाची घाई. पुढे महिनाभर मुहूर्त नाहीत म्हणून सगळी लग्ने याच चार आठवड्यांत दाटतात. तेव्हा धोंड्याची चित्रे मार्चमध्येच काढून ठेवायची, कारण एप्रिलमध्ये दुकानात कोणाला श्वास घ्यायला सवड नसते. पहिला निरोप महिना लागण्याच्या दहा दिवस आधी: ‘धोंड्याचा महिना १७ पासून.’ यात विक्री नाही, नुसती आठवण आहे. दुसरा निरोप पहिल्या आठवड्यात, आणि यात कामाची गोष्ट हवी. अण्णांच्या सुनेने इथे बरोबर बोट ठेवले. ती म्हणाली, ‘‘बायका दुकानात येऊन एकच विचारतात, यात तेहतीस अनारसे मावतील का?’’ मग चित्र तेच काढायचे: तीन मापांची पात्रे, प्रत्येकात मोजून तेहतीस अनारसे, आणि खाली किंमत. तिसरा निरोप शेवटच्या आठवड्यात: महिना १५ जूनला संपतो. १६ तारखेनंतर त्या मालाचे नावही काढायचे नाही. उरलेली पात्रे दिवाळीपर्यंत गुंडाळून ठेवायची.

तक्त्याच्या प्रत्येक ओळीत एवढेच असते: दिवस कोणता, गिऱ्हाईक कोण, त्याला काय अडले आहे, माल कधी मागवायचा, निरोप कधी आणि कुठे द्यायचा. यातला ‘काय अडले आहे’ हा रकाना ज्याला भरता येत नाही, त्याने त्या सणाला गप्प बसावे. शुभेच्छांचे चित्र सगळेच पाठवतात आणि कोणीही बघत नाही.

मग मंदीचे काय? आषाढात पैसा पेरणीत गेलेला असतो आणि चातुर्मासात लग्ने नसतात. इथे दुकानदाराचा हात सवलतीच्या पाटीकडे जातो. तो आवरावा. सवलत दिली की त्या दोन दिवसांत विक्री वाढलेली दिसते, पण आधीचे दोन आणि नंतरचे दोन आठवडे मिळून बेरीज करा. ती नेहमीइतकीच भरली, तर गिऱ्हाईक नवे आले नाही. जे येणारच होते त्याला आपण स्वस्तात दिले, आणि पुढच्या वर्षी थांबायला शिकवले. मंदीत माल खपवायचा नसतो, माणूस दुकानात आणायचा असतो. अण्णा आषाढात जुन्या पितळेची मोड घेतात आणि कल्हईवाल्याला आठवड्यातून दोन दिवस दुकानाच्या ओट्यावर बसवतात. त्या महिन्याचे यश गल्ल्यावरून मोजायचे नाही, पायरी किती जणांनी चढली यावरून मोजायचे. त्यांतलीच मंडळी पुढे श्रावणात कानबाईला येतात. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे २०२६ मध्ये २३ ऑगस्टला, भाऊबंद एका घरी जमून रोट करणार. घरातले पातेले त्यांना पुरत नाही. मोठी पातेली आणि कढया भाड्याने मिळतील, हा निरोप नागपंचमीच्या आधी गेला पाहिजे.

पितृपक्षात मात्र काहीच बोलायचे नाही. नव्या वस्तू घेण्याचे लोक टाळतात, आणि त्या पंधरवड्यात खरेदी करा म्हणणारा माणूस लोकांच्या डोळ्यावर येतो. ते दिवस माल मोजण्याचे. २०२६ मध्ये ११ ऑक्टोबरला घट बसतात आणि तिथून लक्ष्मीपूजनाला बरोबर चार आठवडे उरतात. त्या चार आठवड्यांचे निरोप पितृपक्षातच लिहून तयार ठेवावेत.

शेवटी एक इशारा जळगावच्या मंडळींसाठी. अण्णांचा भाचा तिकडे दुकान टाकतो आहे आणि त्याने मामांचा तक्ता जसाच्या तसा उतरवून घेतला. त्यावर त्याने कार्तिकी एकादशीला, रथोत्सवाच्या दिवशी, मोठ्या जाहिरातीचा बेत लिहिला होता. अण्णांनी तो खोडला. रथ पाहायला आलेला माणूस परातीचे ओझे हातात घेऊन गर्दीत फिरत नाही. त्या दिवशी दुकानाचे नाव मोठ्या अक्षरात दिसावे, एवढेच पुरे. शिवाय रावेर-यावलकडचा पैसा केळीचा. तो कापसासारखा दसऱ्याची वाट पाहत नाही, घड कापले जातील तसा येतो. म्हणून तिथली पैशाची ओळ नव्याने ओढावी लागेल, आणि त्यासाठी भाच्याला निदान एक वर्ष बिलावर गिऱ्हाइकाच्या गावाचे नाव लिहून घ्यावे लागेल. अण्णांनी त्याला तेवढेच सांगितले आणि एक कोरी वही दिली.