शौचाचा टॉक्सिन रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे नेमके काय?

अँटिबायोटिक घेताना जुलाब होणे नवीन नाही. बहुतेकांचे जुलाब औषध थांबले की आपोआप थांबतात. पण काहींच्या आतड्यातले नेहमीचे जंतू औषधाने मरतात आणि त्या मोकळ्या जागेत 'क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसाइल' (थोडक्यात सी-डिफ) नावाचा जंतू वाढतो. तो विष, म्हणजे टॉक्सिन सोडतो. त्या विषाने मोठ्या आतड्याला सूज येते आणि पाण्यासारखे जुलाब होतात. हे विष शौचात आहे का, ते ही तपासणी पाहते.

माझे मत स्पष्ट आहे. ही तपासणी चुकीच्या माणसाची केली, तर पॉझिटिव्ह रिपोर्ट फसवतो.

एक उदाहरण घेऊ. ६६ वर्षांचे, मधुमेह असलेले एक गृहस्थ. न्यूमोनियासाठी त्यांनी सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शने घेतली. आठ दिवसांनी दिवसाला सहा वेळा पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा आणि बारीक ताप सुरू झाला. जुलाबाचे औषध घेतलेले नाही. २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब आणि गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक, अशा माणसात पॉझिटिव्ह रिपोर्टला वजन असते. शक्य असेल तर आधीचे अँटिबायोटिक थांबवायचे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंडावाटे व्हँकोमायसिन घ्यायचे. मोठ्या माणसाला सहसा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. याचे शिरेतून दिलेले इंजेक्शन इथे चालत नाही, कारण ते आतड्यात पुरेसे पोचत नाही. जुलाब बांधणाऱ्या गोळ्याही स्वतःहून घेऊ नका.

आता सहाव्या दिवशी शौच घट्ट झाले. घरचे म्हणतात, "डॉक्टर, जंतू गेला का ते एकदा तपासून घेऊ." नको. बरे झाल्यावरही ही तपासणी काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. जुलाब थांबले, ताप उतरला, भूक लागली, हाच बरे झाल्याचा पुरावा.

घट्ट शौच होणाऱ्याची ही तपासणी करूच नये. काही निरोगी माणसांच्या आतड्यातही हा जंतू गुपचूप असतो. 'पीसीआर' तपासणी तर फक्त विष तयार करणारे जनुक शोधते, प्रत्यक्ष विष नाही. म्हणून कोणती पद्धत वापरली, हे रिपोर्टवर जरूर बघा.

उलट बाजूही सांगतो. वैरागहून नमुना बार्शीला किंवा सोलापूरला पाठवताना तो उन्हात डिकीत पडून राहिला, तर विष नष्ट होते आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. पातळ शौच स्वच्छ डबीत घ्या, बर्फाच्या पिशवीसोबत ठेवा आणि लगेच पोचवा.

घरात हात साबण-पाण्यानेच धुवा, सॅनिटायझरने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. पोट फुगले, जुलाबात रक्त दिसले, लघवी कमी झाली किंवा गुंगी आली, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.