पाळी गेली, कोलेस्टेरॉल वाढलं: रजोनिवृत्तीनंतर बायकांच्या हृदयाला धोका का वाढतो?

पेण तालुक्यातलं हमरापूर आणि शेजारचं जोहे, कळवे, तांबडशेत म्हटलं की गणपतीच्या मूर्ती आठवतात. इथल्या कारखान्यांमध्ये वर्षभर काम चालतं आणि त्यात बायकांचा मोठा वाटा असतो. फिनिशिंग करायचं, रंग द्यायचा, आणि हे सगळं तासन्‌तास एका जागी बसून.

समजा, इथे काम करणारी एक ४९ वर्षांची बाई आहे. पाळी बंद होऊन दीड वर्ष झालंय. वजन काट्यावर फक्त दोन किलोने वाढलंय, पण ब्लाऊज पोटाशी घट्ट होतोय. चार वर्षांपूर्वी रक्तदाब १२२/७८ होता, आता १३६/८६ आहे. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो, ते ११२ वरून १२९ वर गेलंय. खाणं तेच, काम तेच. मग बदललं काय? (ही बाई काल्पनिक आहे, पण तिचे आकडे कुठल्याही लॅबच्या रिपोर्टात दिसतील असेच आहेत.)

आधी कोलेस्टेरॉल

रक्तातलं एलडीएल उचलून बाजूला करण्याचं काम यकृत करतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर 'रिसेप्टर' असतात, एलडीएलचे कण पकडणारे हातच म्हणा ना. इस्ट्रोजेन हे हार्मोन या हातांची संख्या वाढवतं. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन घसरतं, हात कमी होतात आणि एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. म्हणजे खाण्यात तेल वाढलेलं नसलं तरी आकडा वाढू शकतो.

हा बदल हळूहळू होत नाही, हे महत्त्वाचं. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या 'स्वान' या अभ्यासात बायकांची वर्षानुवर्षं तपासणी झाली. त्यात दिसलं की शेवटच्या पाळीच्या आगेमागे, साधारण एका वर्षाच्या काळात, एलडीएल एकदम उडी मारतं. सरासरी वाढ सुमारे १० मिलिग्रॅमची. यात भारतीय बायका नव्हत्या, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण वेगवेगळ्या वंशांच्या बायकांमध्ये उडी तीच दिसली.

एक गंमत एचडीएलची, म्हणजे 'चांगल्या' कोलेस्टेरॉलची. ते जास्त असलं की आपण निश्चिंत होतो. पाळी गेल्यानंतर मात्र त्याची संरक्षण करण्याची क्षमता कमी होत असल्याचे संकेत आहेत. त्यामुळे 'एचडीएल ६० आहे, म्हणजे मी सुरक्षित' हा हिशेब या वयात धरू नये.

मग पोट का सुटतं?

इस्ट्रोजेन असताना बाईच्या शरीरात चरबी मांड्या आणि नितंबांवर साठते. ते कमी झालं की साठवणीची जागा बदलते आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती जमू लागते. ही आतली चरबी नुसती पडून राहत नाही. ती यकृताकडे स्निग्ध आम्लं पाठवते, इन्सुलिनचा परिणाम कमी करते, ट्रायग्लिसराइड वाढवते. म्हणून वजनकाट्यापेक्षा इथे टेप जास्त खरं बोलते. टेप मात्र साडीच्या गाठीवर लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर मोजायचं. बाईसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की लक्ष द्यायला हवं.

रक्तदाबाचं खापर पाळीवर?

पूर्ण नाही. इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला मदत होते आणि त्या सैल राहतात. ते कमी झालं की वाहिन्या ताठर होऊ लागतात, मिठाचा परिणामही जास्त जाणवतो. सुकट, सुके बोंबील आणि पापड रोजच्या ताटात असलेल्या भागात हे सांगायलाच हवं. तरीही रक्तदाब वाढण्यात वय आणि वजनाचा हिस्सा मोठा आहे. 'स्वान'मध्येही एलडीएलसारखी अचानक उडी रक्तदाबात दिसली नव्हती, तो वयाबरोबर सरळ रेषेत चढत गेला. सगळंच 'हार्मोन्समुळे' म्हणून सोडून देणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

सरकारी फॉर्ममध्ये हे पकडलं जातं का?

३० वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई एक फॉर्म भरतात, त्याला सीबॅक म्हणतात. आपल्या मूर्तीकाम करणाऱ्या बाईचे गुण मोजून बघू. वय ४० ते ४९, म्हणून २. कंबर ८७ सेंटिमीटर, म्हणून १. आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम नाही, म्हणून १. एकूण ४. चारच्या वर गुण गेले तर तपासणीसाठी प्राधान्य मिळतं, म्हणजे ही बाई अगदी काठावर राहते. ती रोज मिशेरी लावत असेल तर आणखी २ गुण, आणि मग ती यादीत वर येते.

गुण कमी आले तरी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून मिळतेच. अडचण वेगळी आहे. पाळी कोणत्या वर्षी गेली, या प्रश्नाला इथे गुण नाहीत. शिवाय सगळ्यात आधी उडी मारणारं एलडीएल या प्राथमिक तपासणीत मोजलंच जात नाही. त्यासाठी लिपिड प्रोफाइल वेगळं करून घ्यावं लागतं. माझ्या मते फॉर्ममध्ये ही एक ओळ वाढवणं फार अवघड नाही.

पाळी लवकर गेली तर?

भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. ती चाळिशीच्या आत गेली तर हृदयविकाराचा धोका ठळकपणे वाढतो, कारण इस्ट्रोजेनशिवायची वर्षं वाढतात. महाराष्ट्रात याचं सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण बीडचं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलं की ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आहे. तेव्हा चर्चा झाली ती नफेखोरीची आणि मजुरीची. या बायकांच्या हृदयाचं पुढे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

इथे एक बारकावा आहे. फक्त गर्भपिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय इस्ट्रोजेन बनवत राहतात, जरी ते थोडे आधी थकू शकतात. दोन्ही अंडाशय काढले तर मात्र इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं. अनेकींना आपलं नेमकं काय काढलं हे माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्डवर 'बीएसओ' अशी तीन अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशय गेलेले आहेत.

मग हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या का?

हा प्रश्न पुन्हा चर्चेत आलाय, कारण १० नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा ठळक इशारा काढण्याची घोषणा केली. तो इशारा आला होता २००२ च्या एका मोठ्या चाचणीमुळे. त्यात दोन हार्मोन्सची एकत्रित गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी होण्याऐवजी थोडा वाढलेला दिसला. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, अनेकींच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर असणार. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर चित्र वेगळं असतं, असं आता मानलं जातं.

इशारा निघाला म्हणजे ही गोळी हृदयाचं औषध झाली, असं नाही. अंगातून वाफा येणं, झोप उडणं यासाठी ती दिली जाते. निव्वळ हृदयविकार टाळण्यासाठी ती घ्या, असं मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ती सहसा टाळतात. अपवाद आहे तो चाळिशीच्या आत अंडाशय गेलेल्या बायकांचा. त्यांना, असं काही कारण आड येत नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला दिला जातो. बीडच्या बाईने डॉक्टरांकडे जाताना ते जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत न्यायचं, ते यासाठीच.