नेत्रचिकित्सालयाच्या दोन वह्या

चार दानांमध्ये औषधदानाला आपल्या समाजात मोठे स्थान आहे आणि नेत्रशिबिर हे त्याचे सर्वांना परिचित असलेले रूप. वर्षातून एकदा मंडप उभारायचा, खर्च दात्यांनी वाटून घ्यायचा, शस्त्रक्रियांचा आकडा अहवालात छापायचा, ही रीत रूढ आहे. हेच कार्य बारमाही आणि स्वबळावर चालवायचे ठरले, की योजनेचे लेखन निराळे होते.

मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. शुल्क देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून निःशुल्क रुग्णांचा खर्च भागवावा, ही तेथील पद्धती. शुल्क द्यावे की नाही, हे रुग्णच ठरवतो. कृत्रिम भिंग परदेशातून आणणे महाग पडे. म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब ही त्यांची स्वतःची निर्मितीसंस्था उभी राहिली.

आता तालुक्याच्या गावी असे चिकित्सालय काढू इच्छिणारे एखादे व्यापारी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आकडे केवळ हिशेब समजण्यापुरते. वेतन, भाडे, वीज आणि देखभाल मिळून वार्षिक स्थिर खर्च ४२ लाख रुपये. यंत्रे देणगीतून मिळाली, म्हणून घसारा धरायचा नाही, असा मोह येथे हमखास होतो. परंतु ४२ लाखांची यंत्रे सात वर्षांत जुनी होणार; तेव्हा दाता पुन्हा भेटेलच असे नाही. म्हणून दरवर्षी ६ लाख घसारा धरून स्थिर खर्च ४८ लाख होतो.

भिंग, औषधे, भोजन, प्रवास मिळून एका शस्त्रक्रियेचा खर्च २,००० रुपये. शुल्क ९,००० ठेवल्यास शुल्क देणाऱ्या रुग्णामागे ७,००० उरतात. निःशुल्क रुग्णामागे २,००० जातात. दोन्ही समसमान असल्यास सरासरी शिल्लक २,५०० रुपये. चष्म्यांच्या दुकानातून ८ लाख सुटतात असे धरले, तर उरलेल्या ४० लाखांसाठी वर्षाला १,६०० शस्त्रक्रिया हव्यात. शुल्क देणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ४० वर घसरले, की तेवढ्याच शस्त्रक्रियांत १४ लाख ४० हजारांची तूट येते. व्यापाऱ्याला येथवर काही नवे नाही.

नवे आहे ते दुसऱ्या वहीत. ‘१,६०० शस्त्रक्रिया झाल्या’ हे परिणामाचे माप नव्हे, कामाचे आहे. शस्त्रक्रियेनंतर उपलब्ध चष्म्यासह किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी लाभावी आणि ६/६० हून कमी दृष्टी राहणारे डोळे ५ टक्क्यांहून कमी असावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली कसोटी. तपासणी सहा आठवड्यांनी करायची, आणि योजना नेमकी येथेच फसते. समजा १,६०० पैकी ९०० रुग्णच पुन्हा आले आणि त्यांतील ८१० जणांची दृष्टी चांगली निघाली. अहवालात ९० टक्के यश छापले जाते. परंतु न आलेल्या ७०० जणांचे काय? ज्याला नीट दिसत नाही, तोच एकटा एसटीने येऊ शकत नसेल. खात्रीने सांगता येते ते एवढेच, की १,६०० पैकी ८१० जणांना, म्हणजे सुमारे ५१ टक्क्यांना, चांगले दिसते. प्रामाणिक योजनेत दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात.

न आलेल्यांना गाठायचे तर गावोगाव फिरणारा सहायक, त्याची दुचाकी, तपासणीचा तक्ता, असा वर्षाला ३ लाखांचा खर्च येईल. तो ‘पुढे पाहू’ म्हणून वगळला, तर पहिल्याच तंगीत हे काम बंद पडते. हिशेबात घेतला, तर २,५०० च्या शिल्लकीने आणखी १२० शस्त्रक्रिया लागतात आणि समतोलाचा बिंदू १,७२० वर सरकतो. दोन वह्या एकमेकींना भिडतात त्या अशा; परिणामाचे प्रकरण शेवटी परिशिष्टासारखे जोडलेल्या योजनेत ही भेट कधीच होत नाही.

तथापि १,७२० चा आकडा गाठण्याच्या धडपडीत एक धोका आहे. मोतीबिंदू अद्याप कोवळा, नित्याची कामे सुरळीत, अशा शुल्क देणाऱ्या रुग्णावरही शस्त्रक्रिया उरकण्याचा मोह होतो. दुकानात गिऱ्हाइकाला नको असलेला माल गळ्यात मारावा, तसेच हे. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीची दृष्टी प्रत्येक कागदावर हवी आणि दोन्ही प्रकारच्या रुग्णांची निराळी मोजावी. शुल्क देणाऱ्यांमध्ये आधीच ६/१८ दिसणाऱ्यांचे प्रमाण तिमाहीगणिक वाढू लागले, तर नफ्याची वही सेवेची वही लिहू लागली आहे, हे विश्वस्तांनी ओळखावे.

हिशेब बिघडला तर काय, याचे उत्तरही योजनेतच लिहिलेले असावे. शुल्क देणाऱ्यांचे प्रमाण सलग दोन तिमाही ४५ टक्क्यांखाली राहिल्यास १,७२० शस्त्रक्रियांवर वर्षाची संभाव्य तूट ७ लाख ७४ हजारांहून अधिक. ती राखीव निधीतून भरायची, निःशुल्क रुग्ण परत पाठवून नव्हे. आणि चांगल्या दृष्टीचे प्रमाण ८० टक्क्यांखाली गेल्यास, कारण सापडेपर्यंत नवे शिबिर जाहीर करायचे नाही, मग दात्याने मंडपाचे पैसे आगाऊ दिलेले असले तरीही.