पंधरा रुपये युनिट : घरमालक काकांना एक पत्र

होस्टेलला नंबर लागला नाही म्हणून आम्ही तिघं जळगाव महापालिकेच्या हद्दीबाहेर एका घराच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. भाडं ठरलं, डिपॉझिट दिलं आणि जाता जाता काका म्हणाले, "लाईटचे पंधरा रुपये युनिट, सबमीटर लावलेलं आहेच." आम्ही मान डोलावली. इलेक्ट्रिकलला असून तिघांपैकी एकानेही विचारलं नाही की पंधराच का?

2024 च्या उन्हाळ्यात कूलर सुरू झाला, नव्वद युनिटचे 1350 रुपये झाले आणि डोळे उघडले. मी तावातावाने पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा असा होता : "काका, शंभर युनिटपर्यंत महावितरणचा दर 4.71 आणि वहन आकार 1.17. त्यावर 16 टक्के वीज शुल्क धरलं तरी आमचे 614 रुपये होतात. तुम्ही दुप्पट घेता."

मित्रांनो, हा मसुदा मी फाडला. कारण तो खोटा होता. मीटर एकच आहे, काकांच्या नावावर. पहिले स्वस्त शंभर युनिट आमचेच, असं म्हणायचा आम्हाला काय हक्क? ते घरच्यांनीही वापरलेच ना!

मग काकांकडून बिल मागून घेतलं. एकूण युनिट 340. काकांचे 250, आमचे 90. दुसरं पत्र असं गेलं :

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. 2024-25 च्या दरपत्रकाने पहिल्या 100 युनिटचे 471 रुपये, पुढच्या 200 चे 10.29 प्रमाणे 2058, उरलेल्या 40 चे 14.55 प्रमाणे 582. वहन आकार 398, स्थिर आकार 128. बेरीज 3637. त्यावर 16 टक्के शुल्क धरून 4219 रुपये. (इंधन समायोजन आकार बिलात असेल तो यात मिळवावा.) भागिले 340, म्हणजे सरासरी 12 रुपये 41 पैसे युनिट. आमच्या नव्वदचे 1117 होतात. 233 रुपये जास्त गेले."

काकांनी चष्मा लावून पत्र वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही नसता तर माझं बिल किती आलं असतं रे?"

खोलीवर येऊन हिशोब केला. 250 युनिटचं बिल 2825. म्हणजे आमच्यामुळे काकांना 1394 रुपये जास्त भरावे लागले, युनिटला साडेपंधरा! आम्ही नसतो तर ते 300 च्या वरच्या टप्प्यात गेलेच नसते. या हिशोबाने काकांचेच 44 रुपये बुडाले.

पण इथेच माझं मत पक्कं झालं. "शेवटचे युनिट भाडेकरूचे" हे म्हणणं माझ्या "पहिले युनिट आमचे" इतकंच एकतर्फी आहे. शिवाय पंधराचा दर बारा महिने तोच. दिवाळीच्या सुट्टीत काकांचे 200 आणि आमचे 40 झाले, तर बिल 2692 येतं. सरासरी 11.22. काकांच्याच पद्धतीने मोजलं तरी 13.29. पंधरा कुठूनच येत नाही! दोष आकड्यात नाही, तो गोठवून ठेवण्यात आहे. बिल बदलतं, दर बदलत नाही.

म्हणून मला योग्य वाटतो तो एकच नियम : दर महिन्याचं बिल दाखवा, एकूण युनिटने भागा, सबमीटरच्या युनिटने गुणा. स्वस्त टप्प्याचा फायदा आणि महाग टप्प्याचा तोटा, दोन्ही सारखे वाटले जातात.

त्याआधी सबमीटर तपासा. खोलीतलं सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. लुकलुकत असेल तर कुणाची तरी वायर तुमच्या मीटरवर आहे. आम्ही बघितलं, तर पाण्याची मोटार चालू झाली की दिवा लुकलुकायचा! मीटरवर 3200 imp/kWh असं लिहिलेलं असेल, तर हजार वॅटच्या लोडला मिनिटाला साधारण 53 वेळा लुकलुकायला हवं. मात्र हीटरच्या रॉडवर हे मोजताना व्होल्टेज बघा. 230 च्या जागी 210 असेल तर तोच रॉड सुमारे 830 वॅट घेतो आणि आकडा 44 वर येतो. मीटरला उगाच दोष देऊ नका.

हे जमलंच नाही तर स्वतंत्र मीटर. वीज कायदा 2003 च्या कलम 43 मध्ये अर्ज करणारा 'मालक किंवा ताबेदार' असं म्हटलंय. प्रत्यक्षात मालकाची संमती मागितली जाते, म्हणून काकांशी भांडण नकोच.

काकांनी मोटारीची वायर बदलून घेतली. आता बिल आलं की तेच हाक मारतात, "या रे इंजिनेर, भागाकार करा!"