नातवाला मराठी येत नाही, मग नक्की काय बुडालं?

मुलं परदेशी स्थायिक झालेले आईवडील पुण्यात एकमेकांना भेटले की गप्पा हमखास एका वाक्यापाशी येऊन थांबतात. "नातवाला मराठी समजतं हो, पण बोलत नाही." कुणीतरी सुस्कारा टाकतं आणि निकाल लागतो: ही पिढी गेली. न्यू जर्सीच्या एखाद्या दिवाणखान्यात नेमका उलटा निकाल ऐकू येतो. मुलगी दर आठवड्याला मराठी शाळेत जाते, गणपतीत ताशा वाजवते, दर दोन वर्षांनी आजोळी येते, म्हणजे ती 'आपलीच' राहिली. निकाल दोन असले तरी गृहीतक एकच आहे. भाषा, स्वतःची ओळख आणि मायदेशी येणं-जाणं हे एकाच दोरीचे पीळ आहेत, एक सुटला की बाकीचे सुटतात आणि एक घट्ट धरला की बाकीचे टिकतात, असं दोन्हीकडची माणसं धरून चालतात. माझा वाद या गृहीतकाशी आहे.

पूर्वपक्षाला आधी त्याचं श्रेय दिलं पाहिजे. तो अडाण्यांचा नाही. वॉर्नर आणि स्रोल यांनी १९४५ साली आणि मिल्टन गॉर्डन यांनी १९६४ साली सात्मीकरणाचं जे चित्र मांडलं, त्याचा ढोबळ अर्थ असा होता की पिढीगणिक माणूस मूळ गटापासून दूर जातो आणि अमेरिकन समाजात मिसळत जातो. इटालियन, पोलिश आणि आयरिश वंशजांकडे बघून ते बोलत होते आणि त्यांच्या बाबतीत हे पुष्कळसं खरंही ठरलं. पण त्यामागे एक खास परिस्थिती होती. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ आटवला. गावाकडून नवा माणूस येईना, आणि आलेल्यांची मुलं गोरी असल्यामुळे दोन पिढ्यांत गर्दीत दिसेनाशी झाली. १९६५ च्या कायद्यानंतर आशिया आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांना या दोन्ही गोष्टी लागू नाहीत. तरीही मोजपट्टी तीच राहिली.

ती मोजपट्टी कुठे तुटते, ते एका अभ्यासात फार स्वच्छ दिसतं. आलेहान्द्रो पोर्तेस आणि रूबेन रुम्बाउट यांनी १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या सान दिएगो आणि फ्लोरिडातल्या मायामी परिसरातल्या शाळांमधून ५,२६२ मुलं निवडली. आठवी-नववीतली, सरासरी चौदा वर्षांची. आईवडील एकूण ७७ देशांतले. काही मुलं अमेरिकेत जन्मलेली, काही लहानपणी आलेली. तीन वर्षांनी, शाळा संपत आली असताना, त्याच मुलांना पुन्हा गाठलं, आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ती चोविशीच्या आसपास आल्यावर, तिसऱ्यांदा. इथे 'त्याच' या शब्दावर जोर आहे. वेगवेगळ्या लोकांची सरासरी काढली तर कोण बदललं ते कळत नाही. एकाच मुलाला तीनदा विचारलं तर कळतं.

भाषेचं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं. पहिल्या खेपेला सुमारे ७२ टक्के मुलं इंग्रजीत बोलणं पसंत करत होती. तीन वर्षांनी हा आकडा ८८ टक्क्यांवर गेला. ओळखीचा प्रश्न मात्र मोकळा होता: तुम्ही स्वतःला काय म्हणवता? उत्तर मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं. स्वतःला नुसतं 'अमेरिकन' म्हणवणारी मुलं पहिल्या खेपेला साधारण १३ टक्के होती, दुसऱ्या खेपेला जेमतेम साडेतीन. 'मेक्सिकन-अमेरिकन' किंवा 'क्यूबन-अमेरिकन' अशा जोडनावांची संख्या ४१ टक्क्यांवरून ३१ वर आली. आईवडिलांच्या देशाचं नाव सांगणारी मुलं २७ टक्क्यांवरून ३५ वर गेली. 'हिस्पॅनिक', 'आशियाई' अशी मोठी छत्री पसंत करणारीही वाढली. निम्म्याहून जास्त मुलांनी तीन वर्षांत उत्तर बदललं होतं.

जीभ इंग्रजीकडे चालली होती आणि नाव दुसऱ्या दिशेला. एकाच दोरीचे पीळ असते तर हे झालं नसतं.

मधल्या तीन वर्षांत काय घडलं होतं? नोव्हेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १८७' नावाचा ठराव ५९ टक्के मतांनी मंजूर केला. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत अशा स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि तातडीची नसलेली वैद्यकीय सेवा बंद करायची, हा त्याचा गाभा. गव्हर्नर पीट विल्सन यांनी प्रचारात त्याची बाजू उचलून धरली होती. मतदानाआधी विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले, हातात मेक्सिकोचे झेंडे होते. पुढे न्यायालयांनी हा ठराव अडवला आणि तो अमलात आलाच नाही. पण सान दिएगोच्या शाळेतल्या पोराला न्यायालयाच्या निकालाआधी शेजाऱ्याचं मत कळलं होतं. ज्या मुलाचा जन्म त्याच शहरातला, ज्याची स्पॅनिश आधीच मोडकी, त्यानेही कागदावर 'मेक्सिकन' लिहिलं. पोर्तेस आणि रुम्बाउट याला प्रतिक्रियेतून घडलेली ओळख म्हणतात.

इथे सावध राहायला हवं. सगळा बदल एका ठरावाच्या माथी मारता येत नाही. 'अमेरिकन' म्हणवणं मायामीतही घटलं, जिथे कॅलिफोर्नियाचं मतदान नव्हतं. चौदा ते सतरा हे वयच असं की मूल स्वतःला नव्याने नाव देत असतं. तरीही राजकारण तापलेल्या ठिकाणी आई-बापाच्या देशाच्या नावाने उसळी घेतली, हे खरंच. याचा अर्थ मायदेशाचं नाव अभिमानाने सांगणारा मुलगा घरी बरंच काही शिकलाय, असा होत नाही. शाळेच्या आवारात कुणी त्याला डिवचलं असेल, एवढंही कारण पुरतं. म्हणून छातीवर 'जय महाराष्ट्र' छापलेला टीशर्ट बघून हुरळून जाणारे आजोबा मला जितके भाबडे वाटतात, तितकेच नातवाचं तुटकं मराठी ऐकून हाय खाणारेही.

आता जिभेची बाजू. रुम्बाउट, डग्लस मॅसी आणि फ्रँक बीन यांनी २००६ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरितांच्या भाषांचं आयुर्मान काढलं, माणसाचं काढतात तसं. मेक्सिकोची सीमा गाडीने दोन-तीन तासांवर, शेजारी लाखो स्पॅनिश बोलणारे, दुकानाच्या पाट्या स्पॅनिशमध्ये, तरीही नीट बोलता येणारी स्पॅनिश मेक्सिकन घरात सुमारे तीन पिढ्यांत संपते. आशियाई भाषा त्याहून लवकर, दोन पिढ्यांच्या आतच. एवढी सगळी मदत असून स्पॅनिश टिकत नसेल तर आठवड्यातून दीड तासाच्या वर्गाने मराठी तिसऱ्या पिढीपर्यंत जाईल, ही आशा हिशेबात बसत नाही. मी मराठी शाळांच्या विरुद्ध नाही. त्या चालवणारे स्वयंसेवक खरंच राबतात. फक्त त्यांच्यावर लादलेलं काम चुकीचं आहे.

मग भाषेचं खरं काम कोणतं? पोर्तेस आणि रुम्बाउट यांच्या त्या पहिल्या अभ्यासातच त्याचं उत्तर आहे, आणि माझं मंडन तिथून सुरू होतं. आईवडिलांना इंग्रजी येत नाही आणि मुलांची मातृभाषा गेली, अशा घरात पोरं दुभाषी होतात. डॉक्टरकडे बोलायचं पोरानेच, शाळेतून आलेलं तक्रारपत्र वाचून दाखवायचं ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच. आई-बापाचा धाक उलटा होतो आणि तोही नेमक्या त्या वयात जेव्हा रस्ता पोराला ओढत असतो. याउलट ज्या मुलांना दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या, त्यांचे घरात खटके कमी उडत, आत्मविश्वास आणि शिक्षणाच्या आकांक्षा अधिक होत्या. म्हणजे मूळ भाषा राखणारी मुलं मागे पडतात, हेही खोटं. पण लाभ घरातल्या संवादाचा होता, 'देश जपल्या'चा नव्हता.

आता आपल्याकडे बघा. अमेरिकेत गेलेला मराठी माणूस बहुधा पदवी आणि इंग्रजी घेऊनच गेलेला असतो. त्याच्या घरात दुभाष्याची गरज पडत नाही, त्यामुळे मेक्सिकन घरात भाषा गेल्यावर जी पडझड होते ती इथे होत नाही. मराठी न येण्याची झळ आई-बापाला बसतच नाही. ती बसते आजी-आजोबांना, फोनच्या पडद्यासमोर अर्धा तास हसून हात हलवणाऱ्यांना. तो तोटा खरा आहे. फक्त त्याला 'संस्कृती बुडाली' असं मोठं नाव देऊ नये. मुलाला आजीशी बोलता यावं, एवढ्यापुरतं मराठी शिकवलं तर अभ्यासक्रमात बालभारतीच्या धड्यांआधी आजीच्या गुडघेदुखीची चौकशी यायला हवी.

राहिलं येणं-जाणं. सान दिएगोच्या मुलांबद्दल रुम्बाउट यांनी २००२ साली दाखवलं की पैसे पाठवणं, वारंवार जाणं आणि मनाने तिकडचं असणं हे सगळं धरणारी दुसऱ्या पिढीतली माणसं दहा टक्क्यांहूनही कमी. पेगी लेव्हिट यांचा यावर आक्षेप असा की एका वर्षीचा फोटो काढून आयुष्य मोजता येत नाही. मला तो पटतो, आणि त्याला कारण आहे रॉबर्ट स्मिथ यांनी दीड दशकाहून अधिक काळ पाहिलेलं मेक्सिकोच्या प्वेब्ला प्रांतातलं एक गाव. स्मिथ यांनी आपल्या पुस्तकात त्याला 'तिक्वानी' असं टोपणनाव दिलंय. पहिल्या पिढीतल्या पुरुषांनी न्यूयॉर्कमध्ये वर्गणी काढून गावच्या पाणीयोजनेचा दोन-तृतीयांशाहून जास्त खर्च उचलला. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली त्यांची मुलं अशा समित्यांत फारशी नव्हती. पण जानेवारीत पाद्रे हेसूसच्या जत्रेला ती विमानाने गावी जात आणि मेक्सिको सिटीपासून गावापर्यंत मशालीच्या दौडीत धावत. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळनंतर घरात कोंडल्या जाणाऱ्या मुलींना गावात रात्री हिंडायची मोकळीक मिळे. त्यांना गावाची ओढ होती ती बरीचशी या मोकळिकीची होती, परंपरेची म्हणून कमीच. पुढे नोकरी लागली, मुलं झाली, सुट्टी संपली आणि येणं थांबलं. काही जण नंतर स्वतःच्या तान्ह्या मुलांना घेऊन पुन्हा आले.

सोळाव्या वर्षी मोजलं असतं तर त्यांच्यातली एखादी मुलगी 'राष्ट्रपार' भरली असती, सत्ताविसाव्या वर्षी पुरती अमेरिकन, आणि कडेवर मूल घेऊन मिरवणुकीत उभी राहिल्यावर काय, ते कोणत्या रकान्यात लिहायचं हे तिलाही ठाऊक नसणार. पुण्यातल्या सुस्काऱ्याला आणि न्यू जर्सीतल्या समाधानाला माझा आक्षेप तोच आहे. नातू आता अकरा वर्षांचा आहे. त्याचा निकाल आजोबांनी इतक्यात लावून टाकला.