‘हो ना’ एवढंच म्हणालो होतो

सदर : मधली सुट्टी

चार वाजताच्या चहाला आम्ही पाच जण होतो, सहावी खुर्ची रिकामी. ती जिची, ती सहकारी आठवडाभर पाचच्या ठोक्याला पर्स उचलून निघत होती. “हिचं काहीतरी चाललंय,” एकानं चहावर फुंकर मारत म्हटलं, “तुझ्या शेजारीच बसते ना?” मी बिस्किट बुडवत म्हणालो, “हो ना, लवकर जाते खरी.” दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये बातमी कानावर आली : ती दुसरीकडे नोकरी बघतेय, आणि शेजारी बसणाऱ्यानंच हे सांगितलंय.

मी खोटं बोललो नव्हतो. पण विचारणाऱ्याकडे नुसता अंदाज होता, मी त्याला साक्षीदार मिळवून दिला.

“मला नाही माहीत” म्हणूनही सुटका होत नाही. लगेच “पण तुला काय वाटतं?” येतंच. आणि “आपण कशाला कुणाबद्दल बोलायचं?” म्हटलं, की टेबल गप्प होतं, उद्याचा विषय तुम्ही. हल्ली मी म्हणतो, “उद्या येईल की, तिलाच विचारू,” आणि त्याच दमात शेजारच्या डब्यात डोकावतो, “फणसाची भाजी का?” विषय भाजीवर गेला तर कुणाला राग येत नाही.

माणसांबद्दल बोलूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या सहज गप्पा ऐकून 1997 मध्ये निष्कर्ष मांडला, की त्यातला दोन तृतीयांश वेळ माणसांच्या नात्यागोत्यांत, अनुभवांत जातो. कुणाची निंदा त्यात फारच थोडी. कुणाच्या मुलीची दहावी, कुणाची नागपूरला बदली, हे बोलणार नसू तर टेबलावर बसायचं कशाला? गप्पांतला बिघाड मात्र ओळखता येतो. आवाज खाली येतो आणि कुणीतरी दाराकडे बघतं.

स्वतःबद्दल बोलताना माझी खोड वेगळी होती. “जरा टेन्शन आहे, सांगतो नंतर.” झाकलेल्या डब्याचं झाकण अर्धंच उघडायचं आणि वर लोकांनी वास घेऊ नये म्हणायचं! उरलेलं लोक आपल्या मनानं भरतात.

वाक्य अर्धवट सोडू नये, हे मी त्याच सहकारिणीकडून शिकलो. अफवा तिच्या कानावर गेलीच. ती ट्रे घेऊन आली, बसली आणि म्हणाली, “अजून पंधरा दिवस मी पाचला निघणार. घरचं काम आहे, साहेबांना सांगितलंय. मीठ देता का जरा?” वाक्य पुरं होतं आणि कंटाळवाणं. कुणी पुढे विचारलं नाही.

खरं कारण तिनं मला नंतर सांगितलं. परवा टेबलावर कुणीतरी हळूच म्हणालं, “तुला माहीत असेल ना?”

मी विचारलं, “आज कोशिंबीर कुणी आणलीय का?”

— सुट्टीकर